दाढांच्या झिजेवरून वय: ब्रॉथवेलचा तक्ता घ्यावा की माइल्सची पद्धत?

डेक्कन कॉलेजात किंवा आणखी कुठे सांगाड्यांवर प्रबंध करायला घेतलेल्या बहुतेकांना पहिल्याच महिन्यात हा प्रश्न पडतो. कवटी फुटलेली, कंबरेचं हाड गायब, जबडा मात्र शाबूत, अशी परिस्थिती नेहमीची. मग वय दाढांवरूनच काढावं लागतं, आणि समोर दोन रस्ते असतात.

पहिला सोपा. ब्रॉथवेल यांनी १९६३ मध्ये छापलेला तक्ता शेजारी ठेवायचा आणि हातातल्या दाढा चित्रांशी जुळवायच्या. इनॅमलचे उंचवटे सपाट होतात, मग त्यांच्या जागी डेंटिनचे पिवळसर ठिपके दिसू लागतात, ठिपके एकमेकांना मिळतात आणि शेवटी मध्ये डेंटिनचा खळगा व भोवती इनॅमलची कड एवढंच उरतं. खालच्या जबड्यात गालाकडचे उंचवटे आधी झिजतात, वरच्यात टाळूकडचे. हे माहीत नसलं तर तिरकी झीज पाहून गोंधळ उडतो. जुळवणी झाली की १७ ते २५, २५ ते ३५ असा गट मिळतो. दहा मिनिटांत एक जबडा होतो.

अडचण इतकीच, की हा तक्ता ब्रिटनमधल्या, नवाश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या सांगाड्यांवरून केलेला आहे. झिजेचा वेग अन्नावर आणि त्यातल्या कचावर ठरतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात, इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास, धान्य पाटा-वरवंट्यासारख्या दगडांवर भरडलं जाई. तिथल्या दाढांनी ब्रिटिश वेळापत्रक पाळलं असेल, असं आधीच गृहीत धरायचं कारण नाही.

माइल्स यांची पद्धत, तीही साठच्या दशकातलीच, वेग बाहेरून आणत नाही. तुमच्याच सांगाड्यांतून काढते. पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी उगवते, दुसरी बाराव्या, अक्कलदाढ अठराव्या वर्षाच्या आसपास. लहान मुलांचं वय दातांच्या वाढीवरून बरंच नेमकं कळतं. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाची पहिली दाढ ही ‘बारा वर्षं वापरलेली दाढ’ आणि दुसरी ‘सहा वर्षं वापरलेली’.

आता एक प्रौढ जबडा घ्या. त्याची दुसरी दाढ त्या मुलाच्या पहिल्या दाढेइतकी झिजलीय आणि अक्कलदाढ मुलाच्या दुसऱ्या दाढेइतकी. मागच्या दाढा थोड्या सावकाश झिजतात. माइल्स यांच्या हिशेबाने पहिल्या दाढेची सहा वर्षांची झीज दुसरीला साडेसहा वर्षांत आणि अक्कलदाढेला सात वर्षांत गाठता येते. म्हणून दुसरी दाढ तेरा वर्षं वापरात: १२ + १३ = २५. अक्कलदाढ सुमारे साडेसहा वर्षं, कारण तिची तुलना दुसऱ्या दाढेच्या सहा वर्षांशी आहे: १८ + ६.५ = २४.५. दोन्ही दाढा जवळपास एकच उत्तर देतायत, तेव्हा या जबड्यावर विश्वास ठेवता येतो. शिवाय त्याची पहिली दाढ आता ‘एकोणीस वर्षं वापरलेली’ ठरली. पुढच्या, आणखी वयस्क जबड्याला तीच मोजपट्टी. अशी साखळी पुढे नेता येते, पण प्रत्येक कडीला चूक थोडी वाढते. पंचेचाळिशीपुढे आकडा देऊ नये, ‘४५ च्या वर’ एवढंच लिहावं.

माइल्स यांची पद्धत मला अर्थातच जास्त पटते. पण तिला सहा ते अठरा वयाची मुलं हवीत, जमल्यास वीसेक, आणि नेमकी इथेच गाडी अडते. इनामगावात दोनशेच्या वर दफनं मिळाली, त्यातली बहुसंख्य मुलांचीच. पण तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांत पुरलेली तान्ही, चिमुकली मुलं पहिली दाढ उगवण्याआधीच गेलेली. मुलांची संख्या पाहून हुरळून जाऊ नका. संग्रहाच्या यादीत आधी एवढंच मोजा: पहिली दाढ वापरात आहे, पण वाढ अजून पुरी झालेली नाही, असे जबडे किती?

पुरेसे असतील तर माइल्स. दोन-चारच असतील तर तक्ता वापरा, पण त्या दोन-चारांवर आधी तो पारखून घ्या. एक्स-रेमध्ये दुसऱ्या दाढेच्या मुळाचं टोक अजून उघडं, म्हणजे मुलगा बारा-तेराचा. आणि त्याची पहिली दाढ तक्त्यातल्या २५ ते ३५ च्या चित्रासारखी दिसत असेल, तर तुमच्या गावात झीज भराभर होत होती आणि तक्ता सगळ्यांना म्हातारं करणार. अशा वेळी वर्षं लिहूच नयेत. जबडे कमी झिजलेल्यापासून जास्त झिजलेल्यापर्यंत ओळीने लावावेत आणि तरुण, मध्यम, वयस्क एवढ्यावर थांबावं.

दोन्ही पद्धतींत काही जबडे बाजूला काढावेच लागतात. समोरची दाढ जिवंतपणी पडली असेल, तर हिरडीखालचं हाड भरून आलेलं दिसतं आणि तिच्या जोडीदार दाढेची झीज तिथेच थांबलेली असते. डावी-उजवी बाजू ताडून पाहिली की हे लगेच कळतं. मातीत तुटलेलं इनॅमलही झिजेसारखं भासतं. भिंगाखाली खरी झीज गुळगुळीत, चकचकीत असते, तर तुटलेली कड खरखरीत आणि धारदार.