पुन्हा आईकडे जावे की दुसऱ्या परिचारिकेला वाचायला द्यावे: मुलाखतींच्या पडताळणीच्या दोन मार्गांची तुलना

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी दहा-बारा मुलाखती झाल्या, त्यांचे कोडिंगही झाले, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची नावे देऊन झाली, की विद्यार्थिनीसमोर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. आपण काढलेला अर्थ विश्वसनीय आहे, म्हणजे त्याला क्रेडिबिलिटी आहे, हे दाखवण्यासाठी निष्कर्ष घेऊन पुन्हा त्या स्त्रियांकडे जावे, ज्याला मेंबर चेकिंग म्हणतात, की त्याच मुलाखती दुसऱ्या कोडरकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्याव्यात? वेळ असेल तर दोन्ही करावे, हे खरे. पण प्रबंध सादर करायला महिना उरलेला असताना बहुतेकींना एकच मार्ग नीट पार पाडता येतो, आणि माझ्या अनुभवात घाईघाईने दुसरा निवडला जातो, कारण तो वसतिगृहात बसून करता येतो.

मी स्वतः तसेच केले होते. सिकलसेल असलेल्या मुलांच्या आया घरी मुलांना कसे सांभाळतात, हा माझा विषय होता. गावे पूर्व विदर्भातली, जिथे हा आजार घरोघरी माहीत असतो. एका आईने सांगितले होते, ‘त्याच्या आंगात थोडंही कमी-जास्त दिसलं का मी त्याले शायेत धाडतच नाई.’ मी त्यावर ‘आजाराची भीती’ असा कोड लावला आणि दुसऱ्या कोडरनेही जवळपास तोच लावला. एकमत झाल्याचे समाधान घेऊन मी पुढे गेले. नंतर वेगळ्याच कामासाठी त्या गावात गेले असता मी तिला सहज विचारले की तुम्ही घाबरून मुलाला घरी ठेवता, असे मी लिहिले आहे, ते बरोबर आहे ना? ती म्हणाली, ‘भेव नाई वो सिस्टर. शायेत संडासाले कुलूप असते, म्हून पोरगं दिवसभर पाणीच पेत नाई. मंग रातच्याले हाडं फुटते त्याचे.’ शरीरातील पाणी कमी झाले की सिकलसेलच्या वेदनांचा झटका येऊ शकतो, हे आम्हा दोघींना पुस्तकातून ठाऊक होते. ती आई तोच संबंध स्वतःच्या निरीक्षणातून जोडून निर्णय घेत होती आणि आम्ही तिच्या निर्णयाला भीती म्हटले होते.

दुसऱ्या कोडरच्या मार्गाची मर्यादा इथेच दिसते. आम्ही दोघीही परिचारिका, एकाच प्रकारच्या महाविद्यालयात शिकलेल्या, आणि ‘आई औषधपाणी नीट करत नाही, घाबरते’ या चष्म्यातून पाहण्याची सवय दोघींनाही सारखीच. अशा वेळी दोघींचे एकमत चष्मा एकच असल्याचे सांगते, अर्थ बरोबर असल्याचे सांगत नाही. तरीही हा मार्ग निरुपयोगी नाही. चौकट आधी ठरवलेली असेल, उदाहरणार्थ आशयविश्लेषणात कोडची यादी आणि प्रत्येकाची व्याख्या तयार असेल, तर दोन कोडरमधील जुळणी मोजणे, त्यासाठी कोहेनचा कप्पा हा आकडा काढणे, योग्यच आहे. व्याख्या कुठे सैल आहे ते त्यातून पटकन कळते. पण रिफ्लेक्झिव्ह थिमॅटिक विश्लेषण निवडले असेल, तर संशोधकाची दृष्टी हीच त्या पद्धतीची साधनसामग्री मानली जाते. तिथे कप्पा मांडणे म्हणजे पद्धत एक सांगून कसोटी दुसरीच लावणे होय. तिथे दुसऱ्या वाचकाने कोड जुळवू नयेत, ‘असे का वाटले’ हे विचारत वाद घालावा. शक्य असेल तर हा वाचक परिचारिका नसावा. आशाताई, अंगणवाडीसेविका किंवा समाजकार्य शिकलेली व्यक्ती अधिक अडचणीचे प्रश्न विचारते.

मेंबर चेकिंगच्या बाजूने बोलताना त्याचे धोकेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवेत. पहिला धोका शिष्टाचाराचा आहे. पांढऱ्या गणवेशातल्या बाईसमोर ‘बराबर हाय सिस्टर’ म्हणणे सोपे असते, आणि ती मान्यता काहीच सिद्ध करत नाही. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. टंकलिखित मुलाखत घरी पाठवली, तर ती सासूच्या किंवा दिराच्या हाती पडते आणि मुलीला सिकलसेल आहे किंवा ती वाहक आहे, ही गोष्ट लग्नाच्या बोलणीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून ग्रामीण भागात लिखित मुलाखत परत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी सर्व मुलाखतींतून निघालेले चार-पाच मुद्दे, कोणाचाही ओळखू येणारा तपशील न ठेवता, तिच्याच बोलीत तोंडी सांगावेत आणि ‘बरोबर आहे का’ असे न विचारता ‘यात तुमच्याकडे काय वेगळे होते’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकार मिळतो, दुसऱ्याला गोष्ट मिळते. तिने मुद्दा नाकारला तर तो खोडू नये. तो नकार नवी माहिती म्हणून नोंदवावा आणि विरोधी उदाहरण म्हणून विश्लेषणात ठेवावा.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी सापडत नाही आणि एका गावाला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. बाराही जणींकडे जाण्याची गरज नसते; ज्यांचे बोलणे सर्वांत वेगळे होते, अशा चौघी-पाच जणींना भेटले तरी पुष्कळ मिळते. मात्र परत भेटण्याची परवानगी संमतिपत्रात आणि नैतिकता समितीकडे दिलेल्या प्रस्तावात आधीपासून असावी लागते. ती नसेल तर हा मार्ग सुधारित मंजुरी मिळेपर्यंत बंद आहे, मग वेळ कितीही असो.

पद्धतीनेही निवड बऱ्याच अंशी ठरते. अनुभवाचा अर्थ शोधणारी कोलायझीची पद्धत वापरणाऱ्या विद्यार्थिनीला सहभागींकडे परत जाणे ऐच्छिक नसते. ती त्या पद्धतीची शेवटची, सातवी पायरीच आहे. जिऑर्जीच्या पद्धतीत मात्र ही पडताळणी नाकारली आहे, कारण अनुभव सांगणे हे सहभागीचे काम आणि त्याची रचना ओळखणे हे संशोधकाचे, अशी तिथे भूमिका आहे. प्रबंधात कोलायझीचे नाव लिहून सातवी पायरी गाळलेली दिसली, की परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

डिपेंडेबिलिटी, म्हणजे निष्कर्षापर्यंतची वाट दुसऱ्याला तपासता येणे, ही दोन्ही मार्गांत नोंदींवर अवलंबून असते. ‘भीती’ हा कोड कोणत्या तारखेला फोडला, त्यातून ‘झटका टाळण्याची युक्ती’ हा नवा कोड का काढला आणि जुन्या कोणत्या मुलाखती त्यासाठी पुन्हा वाचल्या, हे एका वहीत असले की पुरते. त्याच वहीच्या डाव्या पानावर स्वतःबद्दल लिहावे. मी त्या दिवशी लिहिले असते की ‘ही आई मुलाला विनाकारण घरी ठेवते याचा मला राग आला’, तर कोड लावताना हात थबकला असता. रिफ्लेक्झिव्हिटी म्हणतात ती हीच. प्रबंधाच्या शेवटी ‘संशोधिकेने पूर्वग्रह बाजूला ठेवले’ असे एक वाक्य टाकल्याने ती होत नाही.

ट्रान्स्फरेबिलिटीबाबत या दोन मार्गांत फारसा फरक नाही, कारण निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लागू पडतील की नाही हे वाचक ठरवतो. आपले काम इतकेच की गाव, बोली, दवाखान्याचे अंतर आणि शाळेतल्या कुलुपासारखे तपशील त्याला मिळावेत. हे तपशील परत गेल्यावर अधिक हाती लागतात, एवढा झुकाव मेंबर चेकिंगकडे आहे.

तेव्हा संमती घेतलेली असेल, गाव एका दिवसाच्या टप्प्यात असेल आणि पद्धतीचा विरोध नसेल, तर मी परत जाण्याचा मार्ग निवडायला सांगेन, तोही गणवेश न घालता. यापैकी एखादी जरी अट पुरी होत नसेल, तर दुसरा वाचक घ्यावा, पण तो आपल्याच वर्गातला नको, आणि मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहावे की हा अर्थ सहभागींनी पाहिलेला नाही.