सहलीला न बोलावलेल्या मित्राकडे कसं जावं : मेसेज, भेट की दुसरी सहल?

रविवारी संभाजीनगरहून सात जण म्हैसमाळला जाऊन आले. त्यात तुम्हीही होतात. आठव्याला ते स्टेटसवरच्या फोटोंवरून कळलं. सोमवारपासून तो ग्रुपवर गप्प आहे, मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही. आता काय करावं?

मेसेज सगळ्यात सोपा, पण त्याचं काम भेट ठरवण्यापुरतंच. "तुला यायचं होतं का? सांगायचं ना!" असं लिहिलंत तर चूक उलटी त्याच्याच माथी जाते. त्यापेक्षा लिहा : "रविवारी तुला विचारायला हवं होतं, मीही विचारलं नाही. उद्या सातला चहाला येतो." हे त्याला एकट्यालाच पाठवा. ग्रुपवर टाकलंत की बाकीचे सहा जण सफाई द्यायला लागतात आणि त्याला सगळ्यांदेखत "काही नाही रे" म्हणावं लागतं.

खरा उपयोग भेटीचा. तिथंही बहुतेक जण पहिल्या दोन मिनिटांत "गाडीत जागाच नव्हती" असं कारण पुढं करतात आणि फसतात. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने 2000 साली चेंडूफेकीच्या संगणकी खेळाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात बाकीचे खेळाडू एकमेकांकडेच चेंडू टाकतात, तुमच्याकडे येऊ देत नाहीत. समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय, असं पुढच्या एका प्रयोगात आधीच सांगितलं, तरी लोकांना लागलंच. म्हणजे कारण कितीही खरं असलं तरी आधी लागलेलं कमी होत नाही. म्हणून आधी "फोटो बघून वाईट वाटलं असेल" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. कारण त्यानं विचारलं तरच सांगा, आणि खरं तेच सांगा. ग्रुपमधल्या इतरांची नावं घेऊन त्यांच्यावर ढकलू नका, दोन दिवसांत ते त्यांच्या कानावर जातं. चिडून त्यानं "तुम्ही लई मोठे झालात" असं सुनावलं तर बरंच समजा. "मला तसंही काम होतं" म्हणाला तर मात्र गाठ अजून सुटलेली नाही. आठवड्यानं पुन्हा जा.

दुसरी सहल ही भेटीनंतरची गोष्ट. लगेच काढली तर भरपाई वाटते. परत म्हैसमाळला तर नेऊच नका, तिथं "मागच्या रविवारी इथंच..." असं कुणीतरी बोलतंच. दौलताबाद जवळ आहे, आणि किल्ला चढताना बोलायला वेळही मिळतो. वार त्यालाच ठरवू द्या, सोबत एखादाच जण घ्या. पण आधी ग्रुपातल्या एकाला वेगळं गाठून विचारा : विसरले होते की मुद्दाम टाळलं? उधारीवरून किंवा भांडणावरून टाळलं असेल, तर आठही जणांना एका गाडीत बसवायचा घाट घालू नका. तुम्ही दोघंच जा.