दोन फाळी पल्टी नांगर आणि 45 एचपीचा ट्रॅक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याने एवढेच सांगितले होते की, 45 एचपीला दोन फाळी पल्टी नांगर आरामात चालतो. करवीर तालुक्यातील आमच्या नदीकाठच्या काळ्या रानात खोडवा मोडताना मात्र इंजिन अजिबात दमत नव्हते, तरी मागची चाके जागीच माती उकरीत होती. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या विसंगतीचा हिशोब एकदा स्वतः मांडून पाहावा.

नांगराची रुंदी 60 सेंमी आणि खोली 25 सेंमी, म्हणजे कापला जाणारा छेद 1500 चौरस सेंमी होतो. भारी काळ्या जमिनीला दर चौरस सेंमीमागे 0.7 किलो ओढ धरली, तर एकूण ओढ 1050 किलो येते. ताशी 3.6 किमी, म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाने ती ओढायला 14 एचपी पुरतात. अर्थात उणीव शक्तीची नव्हती. सुमारे 1900 किलोच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पुरेसा भार नव्हता.

घसर मोजण्यासाठी टायरवर खडूने खूण केली. नांगर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे मोजले, तेव्हा अंतर 40 मीटर भरले. नांगर लावल्यावर त्याच दहा फेऱ्यांत 30 मीटर. घसर 25 टक्के! नांगरलेल्या किंवा भुसभुशीत रानात ती 10 ते 15 टक्के असावी. त्याहून फार कमी असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, आणि तो भार वाहण्यात व माती दाबण्यात डिझेल जाते.

मागच्या दोन्ही टायरांत मिळून सुमारे 300 किलो पाणी भरले आणि चाकांना लोखंडी वजने लावली. भारामुळे टायर थोडा दबतो, म्हणून उचलल्या नांगराचे अंतर पुन्हा मोजले, आणि त्या अंतराशी ताडून पाहिल्यावर घसर 15 टक्क्यांवर आलेली दिसली. टाकी काठोकाठ भरून मोजलेले डिझेल मात्र तासाला 5.5 लिटरवरून 5.6 झाले, तेव्हा मी थोडा हिरमुसलो. पण पूर्वी तासाला 16 गुंठे होत होते, ते आता 18 होतात. म्हणजे एकरी खर्च 13.75 लिटरवरून सुमारे 12.4 लिटरवर आला. ताशी आकड्यावरून औजाराची पारख करणारा येथेच फसतो.

वाफसा नसलेल्या ओल्या रानात मात्र वजनाचा उपयोग होत नाही. तेथे दोन दिवस थांबणेच स्वस्त पडते. रोटाव्हेटरला शक्ती पीटीओवरून मिळते आणि त्याची पाती ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, त्यामुळे त्या कामाआधी मी लोखंडी वजने उतरवून ठेवतो. पाणी काढण्याचा उपद्व्याप दरवेळी होत नाही, हे कबूल करतो.