‘प्रत्येक लेखासाठी वेगळी कॅप्शन’ म्हणून पैसे घेतले, प्रत्यक्षात फीडची शेपटी चिकटवली

चाटी गल्लीतल्या एका चादर-टॉवेलच्या दुकानाची ही हकिकत आहे. दुकानाचं आणि एजन्सीचं नाव देत नाही. सोलापुरात वेबसाइट आणि ब्लॉग चालवणारी दुकानं आता बरीच आहेत आणि हाच देकार त्यांच्यापैकी कुणालाही येऊ शकतो, म्हणून लिहितो आहोत.

एजन्सीचा देकार असा होता: ब्लॉगवर नवा लेख आला की आमचा मराठी लेखक तो वाचणार आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या तिन्हींसाठी वेगवेगळी कॅप्शन लिहिणार. महिन्याला नऊ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. मालकांनी सत्तावीस हजार भरले. पोस्ट वेळेवर येत राहिल्या, त्यामुळे सुरुवातीला शंका यायचं कारणच नव्हतं.

तिथे लेखक कुणी नव्हता. वेबसाइटची आरएसएस फीड एका स्वयंचलित साधनाला जोडलेली होती. वर्डप्रेसच्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी `/feed/` लावलं की ही फीड दिसते. तिच्यात प्रत्येक लेखाचं शीर्षक, लिंक, ओळखक्रमांक आणि थोडा मजकूर असतो. साधन ठरावीक वेळाने फीड तपासतं, नवा ओळखक्रमांक दिसला की तो मजकूर उचलतं आणि पोस्ट करतं. हे तंत्र वाईट नाही. आम्हीही ते वापरायला सांगतो. मात्र ते जोडायला साधारण अर्धा तास लागतो, आणि इथे ते रोज माणूस बसून लिहितो असं सांगून विकलं होतं.

दुकानाच्या फीडमधली एक नोंद थोडी छाटून देतो:

```xml
<item>
  <title>सोलापुरी चादर धुताना</title>
  <link>https://example.com/chadar-dhutana/</link>
  <guid isPermaLink="false">https://example.com/?p=412</guid>
  <description>... गडद रंगाची नवी चादर ... […]
  The post सोलापुरी चादर धुताना appeared first on ...
  </description>
</item>
```

`description` मध्ये दोन खुणा आहेत. लेखाचा उतारा वेगळा लिहिला नसेल तर वर्डप्रेस सुरुवातीचे साधारण ५५ शब्द उचलतं आणि शेवटी `[…]` लावतं. ‘The post … appeared first on …’ ही ओळ योस्ट एसइओ हे प्लगइन फीडच्या शेवटी घालतं. दुकानाच्या फेसबुक पानावर या दोन्ही खुणा जशाच्या तशा दिसत होत्या. माणसाने लिहिलेल्या कॅप्शनमध्ये त्या येणं शक्यच नाही. तुमच्या पानावर आत्ता जाऊन बघा, पाच मिनिटांत कळेल.

एक्सवर खरं नुकसान झालं. तिथे साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा असते. लिंक कितीही लांब असली तरी २३ मोजली जाते आणि मधली एक मोकळी जागा धरली की मजकुरासाठी २५६ उरतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात: ‘सोलापूर’ दिसायला चार अक्षरं, मोजायला सात. त्यामुळे ५५ शब्दांचा मराठी उतारा २५६ मध्ये मावत नाही आणि साधन तो मधेच तोडतं.

आणि मराठी वाक्यात ‘नका’, ‘नाही’ शेवटी येतं. लेखातलं वाक्य होतं, ‘गडद रंगाची नवी चादर पहिल्यांदा धुताना गरम पाणी वापरू नका.’ एक्सवर गेलं, ‘…पहिल्यांदा धुताना गरम पाणी वापरू…’ आणि खाली लिंक. ते वाचून एका गिऱ्हाइकाने खरोखरच गरम पाण्यात चादर धुतली, रंग उतरला आणि बाई ती चादर घेऊन दुकानात आल्या. मालकांनी बदलून दिली. चूक कुठे झाली ते शोधताना हा सगळा प्रकार बाहेर आला.

इन्स्टाग्रामवरही तोच उतारा आणि खाली तीच लिंक. तिथे कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही, त्यामुळे ती ओळ निव्वळ वाया जाते. तिथे लेखातली एक उपयोगी गोष्ट पूर्ण सांगायची आणि लिंक प्रोफाइलमध्ये आहे असं लिहायचं, हे काम करणाऱ्याला माहीत असतं. तिन्ही ठिकाणी एकच मजकूर दिसला तर वेगळ्या कॅप्शनचे पैसे कशाचे, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता.

खात्री करून घ्यायची असेल तर पुढचा लेख प्रकाशित करताना वर्डप्रेसमधला `Excerpt` हा रकाना स्वतः भरा. त्यात लेखात कुठेही नसलेलं एखादं निरुपद्रवी वाक्य लिहा आणि लेख रात्री दीड-दोनला प्रकाशित करा. तेच वाक्य त्याच रात्री पोस्टमध्ये उमटलं तर पोस्ट फीडमधून थेट जाते आहे, मध्ये कुणी बघत नाही. दुकानात हेच निघालं. लेखातली चुकीची किंमत नंतर दुरुस्त केली तरी जुनी पोस्ट तशीच का राहते, याचंही कारण हेच. ओळखक्रमांक एकदा पाहिला की साधन त्या लेखाकडे पुन्हा वळत नाही.

आता यापेक्षा वाईट भाग. पोस्टमधल्या सगळ्या लिंक एजन्सीच्या खात्यातल्या लघुदुव्यांच्या होत्या. ‘क्लिक मोजायला’ असं कारण दिलं होतं. लघुदुवा कुठे उघडायचा हे तो बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि नंतर बदलता येतं. दुकानाने चौथ्या महिन्याचे पैसे द्यायला नकार दिला आणि आठवड्याभरात जुन्या पोस्टमधल्या लिंक दुसऱ्याच टॉवेल विक्रेत्याच्या पानावर उघडायला लागल्या. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास टाकलेल्या, सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या पोस्टही त्यातच. शेवटी त्या पोस्ट पुसून स्वतःच्या लिंकसह नव्याने टाकाव्या लागल्या.

क्लिक मोजायला लघुदुवा लागत नाही. स्वतःच्या लेखाच्या लिंकच्या शेवटी एवढं जोडलं की भेटी तुमच्याच अ‍ॅनालिटिक्समध्ये वेगळ्या दिसतात:

```
?utm_source=facebook&utm_medium=social
```

एजन्सीच्या अहवालातले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून बघा. लघुदुव्याच्या मोजणीत प्रिव्ह्यू काढायला येणारे बॉटही मिसळू शकतात, म्हणून थोडा फरक पडणारच. दुकानाच्या बाबतीत तो कित्येक पटींचा होता.

एजन्सीशी संबंध तोडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी फेसबुक पानाचा पूर्ण ताबा तुमच्या स्वतःच्या खात्याकडे आहे ना, हे पानाच्या सेटिंग्जमध्ये बघा. नसेल तर तो मिळेपर्यंत वाद घालू नका, कारण त्यांनी तुम्हालाच काढून टाकलं तर पान परत मिळवणं फार कठीण जातं. मग त्यांची नावं काढा. त्यानंतर फेसबुकमध्ये `Business Integrations` आणि एक्समध्ये `Connected apps` उघडून ते साधन हटवा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, कारण साधनाकडे पासवर्ड नसतो, वेगळी परवानगी असते. यातलं काहीही करण्याआधी फीडमधला मजकूर आणि त्याची पोस्ट असे जोडीने स्क्रीनशॉट काढून ठेवा. लेखी करारात ‘लेखक कॅप्शन लिहील’ असं होतं आणि असे स्क्रीनशॉट समोर ठेवले, म्हणूनच दुकानाला दोन महिन्यांचे अठरा हजार परत मिळाले.

हेच काम नीट करून घ्यायचं असेल तर फीड जोडा, पण साधनाला थेट पोस्ट करायची परवानगी देऊ नका. त्याने फक्त मसुदा तयार करावा. `Excerpt` मध्ये दोन पूर्ण वाक्यं स्वतः लिहा, लिंक सोडून २५६ च्या आत, आणि ‘नका’ असलेलं वाक्य पहिलं ठेवा. इन्स्टाग्रामचा मजकूर वेगळा लिहा. दुकानातल्या एका माणसाने मसुदा वाचून मगच बटण दाबावं. एका लेखाला याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.