पाणचक्की की पवनचक्की? मुरबाडच्या नाचणीसाठी मांडलेला हिशोब

माझा मेव्हणा ऐरोलीला राहतो आणि मुरबाडच्या बाजूला त्याची थोडी शेती आहे. शेताच्या कडेने ओहोळ वाहतो आणि वर मोकळा माळ आहे. दिवाळीत नाचणी झोडून झाली तेव्हा त्याने विचारलं, "दाजी, विजेशिवाय दळायचंय. ओहोळावर पाणचक्की बसवू की माळावर पवनचक्की?" आमची ठाण्यात पिठाची गिरणी होती, लहानपण तिच्या पाठीमागेच गेलं, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण कोकणपट्टीत हा निर्णय घेणाऱ्या कुणालाही हाच हिशोब करावा लागेल.

दोन्हीकडे दळणारा भाग एकच असतो. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मधल्या भोकातून दाणा आत जातो आणि पीठ कडेने बाहेर पडतं. फरक आहे तो वरचा दगड फिरवायचा कसा, यात. मीटरभर व्यासाच्या दगडाला मिनिटाला साधारण शंभर फेरे लागतात. त्याहून फार हळू फिरला तर दाणा नुसता भरडतो, फार जोरात फिरला तर पीठ करपतं.

आधी पाणी. हिमालयात ज्याला घराट म्हणतात, ती आडव्या चाकाची पाणचक्की यात सगळ्यांत साधी. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर आठवा, तिथेही चाक आडवंच आहे. मेव्हण्याच्या ओहोळात चार मीटरचा उतार मिळतो. बांधावरून तिरक्या पन्हळीतून सोडलेलं पाणी तेवढ्या उतारावर सेकंदाला जवळपास नऊ मीटर वेगाने चाकाच्या पात्यांवर आदळतं. पाती पाण्याच्या वेगाच्या साधारण चाळीस टक्के वेगाने सरकली की जोर चांगला मिळतो, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. चाक साठ सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर मिनिटाला एकशे दहाच्या आसपास फेरे होतात. दगडाला नेमके तेवढेच हवे असतात! म्हणून चाकाचा उभा दांडा खालच्या दगडातून वर काढून थेट वरच्या दगडाला अडकवता येतो. मध्ये एकही दातेरी चाक लागत नाही. मला घराटाची ही गोष्ट फार आवडते.

ताकदीचं काय? सेकंदाला ३० लिटर पाणी चार मीटरवरून पडलं तर सुमारे १२०० वॅट. साध्या लाकडी चाकात त्यातला तीसेक टक्के भाग दगडापर्यंत पोचतो, म्हणजे साडेतीनशे वॅट. एवढ्यावर तासाला पाच ते दहा किलो दळण निघतं. उभं चाक करून त्याच्या माथ्यावर पाणी सोडलं तर खूप जास्त जोर मिळतो. जॉन स्मीटन यांनी १७५९ साली मांडलेल्या प्रयोगांत अशा चाकाला साठ टक्क्यांहून थोडं जास्त मिळालं होतं, तर खालून पाणी लागणाऱ्या चाकाला बावीसच्या आसपास. पण माथ्यावरचं चाक हळू फिरतं, त्यामुळे वेग वाढवायला आणि दिशा वळवायला दातेरी चाकं लागतात. घरच्या नाचणीसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरते. पाऊस सरल्यावर आपल्याकडे सकाळी वारा पडलेला असतो, दुपारी समुद्राकडून थोडा उठतो. दुपारचा वारा सेकंदाला चार मीटर धरला, तर पाण्याइतके साडेतीनशे वॅट मिळवायला शिडांचा घेर आठ मीटर व्यासाचा लागतो. एकेक बाहू चार मीटरचा, म्हणजे पूर्ण मजल्याहून लांब. एवढा मोठा घेर मिनिटाला वीसेक फेरे घेतो, तेव्हा दगडासाठी वेग पाचपट वाढवणारी दातेरी चाकं आलीच. शिवाय वारा फिरेल तसं पवनचक्कीचं डोकं, म्हणजे शिडांसकट वरचा भाग, फिरवायला हवं. युरोपात त्यासाठी मागे छोटा पंखा लावत, तो डोकं आपोआप वाऱ्याकडे वळवायचा. एडमंड ली यांनी त्याचं पेटंट १७४५ मध्ये घेतलं.

खरी भीती झोताची आहे. चारचा वारा एकदम आठवर गेला की आठपट जोर दगडावर येतो. वेग वाढला की वरचा दगड उचलला जातो आणि पीठ जाडसर पडायला लागतं. म्हणून इंग्लंडमधले गिरणीवाले फिरत्या गोळ्यांचा नियामक लावत. वेग वाढला की तो दगड आपोआप खाली दाबायचा, त्याने दळण बारीक राहायचं आणि भारही वाढायचा. वाऱ्यात दाणे भरायचा हॉपर रिकामा झाला तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात, आणि लाकडी ब्रेक जास्त वेळ धरला तरी तो पेट घेतो. पवनचक्क्या अशा जळलेल्या आहेत. पाणचक्कीत पन्हळीतलं पाणी अडवणारी फळी खाली टाकली की चाक थांबतं.

पण मेव्हण्याचा निर्णय खरा ठरतो तो महिन्यांवर. आपल्याकडे पाणी आणि वारा दोन्ही जोरात असतात ते जून ते सप्टेंबर. नाचणी हातात येते दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्यात दाणा दमट असतो, पीठ दगडाला चिकटतं. म्हणजे दोघंही हवे तेव्हा ओसरत असतात. फक्त पाणी साठवता येतं, वारा साठवता येत नाही, आणि माझ्या लेखी निकाल इथेच लागतो.

दिवाळीनंतर आम्ही ओहोळ मोजला. पाणी एका पन्हळीत वळवून खाली वीस लिटरची बादली धरली, ती चार सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला पाच लिटर. एवढ्यावर चाक फिरणार नाही. पण चोवीस तासांत हेच पाणी ४३२ घनमीटर होतं. चोवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, दीड मीटर खोल तळ्यात ते मावतं आणि सेकंदाला तीस लिटरने सोडलं तर चार तास चक्की चालते. वीस ते चाळीस किलो नाचणी झाली. झिरपणं आणि तळं उतरताना कमी होणारी उंची धरली तर थोडं कमीच समजा. घरच्या वापराला आठवड्यातून एकदा तळं भरलं तरी पुरे.

पाण्याची दुखणीही आहेत. पन्हळीच्या तोंडाच्या जाळीत पानं अडकतात, तळ्यात गाळ बसतो. आणि पुरात चाकाखालचं पाणी तुंबून वर येतं, मग वरून कितीही पाणी सोडा, चाक पाण्यातच कण्हत राहतं. हे कानाला कळतं. हॉपरखालच्या नळीला जोडलेली एक काडी फिरत्या दगडावर टेकलेली असते, ती टकटक करत दाणे पाडते. फळी पूर्ण उघडी असून टकटक संथ झाली, की आधी जाळी पाहायची, मग चाकाखालचं पाणी. दगडाचं मात्र बोटाला कळतं. बाबा पडतं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून बघत. हाताला गरम लागलं तर दगड फार जवळ आलेत किंवा गुळगुळीत झालेत, छिन्नीने टाके घालून ते पुन्हा खरखरीत करायला हवेत. रवाळ लागलं तर दगड लांब आहेत.

वारा निवडावा तो जिथे जमीन सपाट आहे आणि उतार मिळतच नाही, अशा ठिकाणी. खाडीकाठी तसंच आहे. तरी तिथेसुद्धा मला भरतीचं पाणी आठवतं. वाशी-बेलापूरच्या धारण तलावांना झडपा आहेत, त्या भरतीला मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी खाडीत सोडतात. युरोपातल्या भरतीच्या गिरण्यांची झडप याच्या उलट्या बाजूने उघडायची, भरतीला पाणी आत घेऊन कोंडायची आणि ओहोटीला ते चाकावर सोडलं जायचं. दिवसाला दोन पाळ्या, पण वेळ रोज पुढे सरकणारी.

मेव्हण्याला मी पाणचक्कीच सांगितली आहे, पण दगड घ्यायला अजून थांबवलंय. मार्गशीर्षात आणि पुन्हा पौषात तीच बादली धरायची. भरायला तीस सेकंदांवर लागली, तर तळं आठवड्यातही पूर्ण भरणार नाही, आणि मग नाचणी पौषाच्या आतच दळून ठेवावी लागेल.