रंगीत बॅजची प्रवेशव्यवस्था : एक हंगाम वापरल्यानंतर

प्रदर्शनाच्या नोंदणीचं आणि दारांचं काम माझ्याकडे असतं. या हंगामात रंगांच्या बॅजची व्यवस्था आम्ही बाहेरच्या पुरवठादाराकडून घेतली. निळा पट्टा म्हणजे फक्त सर्वसाधारण हॉल, केशरी म्हणजे हॉल आणि वर्कशॉप, जांभळा म्हणजे लाउंजसकट सगळं. प्रत्येक बॅजवर क्यूआर कोडही होता. गेल्या प्रदर्शनात वर्कशॉपच्या दारावर जी कोंडी झाली, तिच्यामुळे हे लिहायला बसलो.

कोंडीचं कारण एकच होतं, बॅज उलटा होतो. गळ्यातल्या फितीला खाली एकच हुक. हुक मधोमध असल्यामुळे माणूस चार पावलं चालला की बॅज गिरकी घेतो आणि मागची कोरी पांढरी बाजू समोर येते. रंग दुरून दिसावा म्हणून एवढा खटाटोप, आणि दारावर पोचेपर्यंत रंग गायब. मग रक्षक म्हणतो, "साहेब, बॅज दाखवा." साहेबांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माहितीपत्रकं. ते सगळं सावरून बॅज सरळ करेपर्यंत मागची रांग वाढलेली असते.

हिशेब करून पाहा. वर्कशॉपला 240 जण, दार एकच, आणि सुरू होण्याआधी 15 मिनिटं दार उघडलं. रंग समोर दिसत असेल तर एका माणसाला 2 सेकंद पुरतात, म्हणजे 8 मिनिटांत सगळे आत. निम्मे बॅज उलटे असले आणि त्या प्रत्येकाला 6 सेकंद लागले, तर तेच काम 16 मिनिटांवर जातं. म्हणजे वक्त्याने बोलायला सुरुवात केली तरी माणसं बाहेरच. शेवटी रक्षक कंटाळून सगळ्यांना सोडतो, आणि तिथे रंगाला काही अर्थ उरत नाही.

पुरवठादाराला विचारलं, तर म्हणे दोन हुकांची फीत आहे, पण ती वेगळी आकारली जाते. दोन हुक बॅजच्या दोन कोपऱ्यांत अडकतात, त्यामुळे तो फिरूच शकत नाही. दुमडून चिकटवायचा दुहेरी बॅजही मिळतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा आणि नाव असतं, मग तो फिरला तरी बिघडत नाही, पण कागद दुप्पट लागतो. ज्या गोष्टीवाचून बॅज वाचताच येत नाही, तिचे जादा पैसे मागणं मला अजिबात पटलेलं नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, क्यूआर आहे तर रंग कशाला? ते मत आता बदललं. एका दुपारी नेटवर्क गेलं आणि सगळे स्कॅनर ठप्प झाले. लाउंजचं दार मात्र जांभळ्या पट्ट्यावर बिनबोभाट चाललं. हॉलच्या रुंद प्रवेशद्वारावर तर मी आता स्कॅन करायलाच लावत नाही. तिथे येणारा माणूस हॉलचा आहे एवढंच बघायचं असतं, आणि ते तीन मीटरवरून कळतं.

वर्कशॉपचं तसं नाही. केशरी पट्टा हक्क सांगतो, खुर्ची शिल्लक आहे की नाही ते सांगत नाही. तिथे आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा स्कॅन हवाच, नाहीतर मोकळ्या झालेल्या जागा प्रतीक्षा यादीतल्यांना देता येत नाहीत.

छपाईत एक खोच आहे. नोंदणी कक्षातले थर्मल प्रिंटर फक्त काळं छापतात. रंगीत पट्टा रोलवर आधीच छापलेला असतो. गर्दीत केशरी रोल संपला आणि मुलाने हाताशी आलेला निळा भरला, तर संगणकात माणूस वर्कशॉपचा आणि गळ्यात हॉलचा. हे दारावर भांडण झाल्यावरच कळतं. आता प्रत्येक रंगाला वेगळा प्रिंटर ठेवतो, आणि पट्ट्यात नावाखाली ठळक काळ्या अक्षरांत "वर्कशॉप" असंही छापून घेतो. लाल-हिरव्यात गल्लत होणारा रक्षक असला किंवा रोल चुकला, तरी ते शब्द वाचता येतात.

मधेच कुणी वर्कशॉपचे पैसे भरले तर पुरवठादाराची माणसं निळ्या बॅजवर केशरी स्टिकर लावत. स्टिकर निघतो आणि मित्राच्या बॅजवर बसतो. जुना बॅज परत घ्यायचा, त्याचा कोड रद्द करायचा आणि नवा छापून द्यायचा, हाच खरा मार्ग. त्याला मिनिटभर लागतं, तेवढं लागू द्यावं.

पुढच्या हंगामासाठी पुरवठादाराला कळवलं आहे : दोन हुकांची फीत त्याच दरात हवी. नाही म्हणाला तर त्याच्याकडून फक्त रोल आणि स्कॅनर घेईन, फिती दुसरीकडून घेईन, आणि बॅजच्या वरच्या कोपऱ्यांत दोन भोकं आमची माणसं पाडतील.