२४ लाखांचा करार की १८ लाखांचा?

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवर दोन खोल्यांचं कार्यालय असलेली एक छोटी संस्था सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर बालपोषणाचं काम करते. परदेशी देणग्या घ्यायला लागणारी, एफसीआरए कायद्याखालची नोंदणी आहे, पगारी माणसं पाच, हिशेब पाहणारी ताई एकटीच. तिच्या टेबलावर दोन परदेशी दात्यांचे वर्षभराचे करार आहेत आणि दोन्ही कामं एकदम पेलण्याएवढं बळ नाही. पहिल्याची रक्कम २४ लाख, दुसऱ्याची १८. विश्वस्तांचा कल साहजिकच पहिल्याकडे असतो. माझा कौल दुसऱ्याला आहे.

आधी अहवाल. पहिल्या करारात तिमाही संपल्यावर १५ दिवसांत प्रत्येक पावतीच्या स्कॅनसह अहवाल द्यायचा आणि तो मंजूर झाल्यावरच पुढचा ६ लाखांचा हप्ता यायचा. महिन्याचा खर्च २ लाख धरा. अहवालाचे १५ दिवस आणि मंजुरीचा एक महिना, असे दीड महिना खात्यात पैसे नाहीत. म्हणजे ३ लाख स्थानिक देणग्यांतून उभे करायचे, नाहीतर पगार थांबवायचे. दुसऱ्या करारात अहवाल सहामाही आहे, मुदत ४५ दिवसांची आहे आणि पहिल्या हप्त्यातले ७५ टक्के खर्च झाले की पुढचा हप्ता मागता येतो. हप्ता अहवालाच्या मंजुरीला बांधलेला नाही, हा या कराराचा मोठा गुण. गृहमंत्रालयाला परदेशी निधीचा हिशेब देणारा वार्षिक एफसी-४ अर्ज मात्र दोन्हीकडे सारखाच: आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत.

ग्राह्य खर्चाच्या कलमात पहिला करार उदार दिसतो, कारण त्यात प्रशासकीय खर्चाला २५ टक्के दिलेत. पण २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएची मर्यादा २० टक्के आहे, आणि केंद्र सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर दात्याच्या संमतीने ती वाढत नाही. २४ लाखांवर दाता ६ लाख देऊ करतो, कायदा ४ लाख ८० हजारांवर थांबवतो. शिवाय प्रशासकीय खर्च कशाला म्हणायचं हे कायद्याचे नियम ठरवतात. दात्याने कार्यक्रमाच्या खर्चात टाकलेला कार्यालयीन माणसाचा पगार आपल्या सीएला प्रशासकीय धरावा लागू शकतो. त्याच करारात गावातल्या एका मंडळाला ३ लाख वर्ग करायचं म्हटलंय. तेही जमणार नाही, २०२० पासून परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायला बंदी आहे. सही करण्याआधीच दात्याला हे कळवून ती ओळ बदलून घ्यावी.

एक बारीक जागा दोन्ही करारांत सहज निसटते. खर्च ‘प्रकल्पकाळातच झालेला’ असावा, असं लिहिलेलं असतं. ऑडिट तर प्रकल्प संपल्यावर होतं, मग ऑडिटरची फी ग्राह्य कशी ठरणार? ‘अंतिम ऑडिटचा खर्च मुदतीनंतरही ग्राह्य’ हे एक वाक्य मागून घ्या. बहुतेक दाते देतात.

आता वसुलीचं कलम. पहिल्या करारात खर्चाच्या एका बाबीतून दुसऱ्या बाबीत १० टक्क्यांहून जास्त रक्कम वळवायला लेखी परवानगी लागते, आणि कोणत्याही अटीचा भंग झाला तर ‘दिलेली संपूर्ण रक्कम’ ३० दिवसांत, युरोमध्ये परत. समजा, प्रशिक्षणाला ४ लाख मंजूर होते. पावसाने रस्ते बंद झाले, सत्रं पुन्हा घ्यावी लागली आणि खर्च ४ लाख ९० हजारांवर गेला. दहा टक्के म्हणजे ४० हजार चालतात, उरलेले ५० हजार अग्राह्य. दुसऱ्या करारात असं झालं तर तेवढे ५० हजार परत मागितले जातील, कारण तिथे वसुली अखर्चित आणि अग्राह्य रकमेपुरतीच आहे. पहिल्यात हाच भंग मानला तर कागदावर तोवर आलेल्या तीन हप्त्यांचे १८ लाख मागता येतात, दात्याने प्रत्यक्षात मागितले नाहीत तरी. आणि परतीच्या दिवशी युरो महागला असेल तर फरक संस्थेच्या माथी.

खर्च होऊन गेलेली रक्कम परत द्यायची ती स्थानिक निधीतूनच, आणि स्थानिक पैसा एफसीआरए खात्यात भरता येत नाही. म्हणून ती कुठल्या खात्यातून, कशी पाठवायची हे बँकेला आणि सीएला सहीआधीच विचारून ठेवा. अशा संस्थेकडे पडून असलेली स्थानिक शिल्लक किती, हाच आकडा ‘संपूर्ण रक्कम’ या शब्दांशेजारी ठेवून पाहावा.

पहिला दाता तीन बदलांना तयार असेल तर माझं मत बदलेल: वसुली अग्राह्य आणि अखर्चित रकमेपुरती, परतफेड रुपयांत मिळालेल्या रकमेच्या हिशेबाने, आणि दोष सुधारायला ६० दिवसांची लेखी नोटीस. हे बदल ईमेलमधल्या आश्वासनावर सोडू नका. करारात किंवा सही केलेल्या पुरवणीतच घ्या, कारण तीन वर्षांनी ऑडिट होईल तेव्हा दात्याकडचा तो कार्यक्रम अधिकारी बदललेला असेल.